दिवाळीच्या समया आणि उशिराचा निरोप

दसरा होऊन दोन दिवस झालेले. मोबाईलवर रोज एकच ओळ दिसते आहे, पार्सलचा नंबर तयार झाला. पैसे दहा दिवसांपूर्वीच गेले. समया वसुबारसेपर्यंत याव्यात म्हणून मागवलेल्या. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर येतं, "ऑर्डर प्रोसेसमध्ये आहे, लवकरच मिळेल." ऑनलाइन खरेदी करणाऱ्या बहुतेकांनी हे उत्तर कधी ना कधी वाचलेलं असतं. बऱ्याचदा ते लिहिणाऱ्यालाही वस्तू कुठे आहे हे माहीत नसतं, कारण ती त्याच्याकडे नसतेच.

या धंद्याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. विक्रेता वस्तूचे फोटो आपल्या ऑनलाइन दुकानावर लावतो, ऑर्डर आणि पैसे घेतो आणि तीच ऑर्डर पुरवठादाराकडे पाठवतो. पुरवठादार वस्तू बांधून परस्पर गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर धाडतो. विक्रेत्याला गोदाम लागत नाही, माल भरून ठेवावा लागत नाही, म्हणून घरातून, थोड्या भांडवलावर हा धंदा करणारे पुष्कळ आहेत. यात लबाडी नाही. अडचण एवढीच, की वचन एकाने दिलेलं असतं आणि ते पाळणं दुसऱ्याच्या हातात असतं. पुरवठादार अडला की या दोघांमधली फट उघडी पडते. तेव्हा गिऱ्हाइकाला पाठवायचा निरोप कसा असावा, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक अडथळा या धंद्यात नेहमी येणारा आहे.

साताऱ्यातली एक बाई मुरादाबादच्या पितळी समयांची जोडी १,४५० रुपयांना विकते. २०२५च्या सप्टेंबरच्या २४ ते २८ तारखांमध्ये तिला ४३ ऑर्डर मिळाल्या. त्यातल्या ३२ जणांनी पैसे आधी भरले आणि ११ जणांनी घरी आल्यावर द्यायचं ठरवलं. पानावर लिहिलं होतं, "दहा दिवसांत घरपोच". म्हणजे शेवटची जोडीसुद्धा ८ ऑक्टोबरपर्यंत पोचायला हवी. ४ ऑक्टोबरला, शनिवारी तिने ट्रॅकिंग उघडलं, तर सगळ्या पार्सलांपुढे ३० सप्टेंबरपासून एकच शब्द होता: `Manifested`.

या शब्दाला अनेकजण फसतात. त्याचा अर्थ एवढाच, की पुरवठादाराने कुरिअरच्या यंत्रणेत पार्सलची नोंद केली आणि चिकटवायची पट्टी छापली. पार्सल कुरिअरच्या हातात गेलं असं त्यातून कळत नाही. पिकअपचा पहिला स्कॅन होतो तेव्हाच वस्तू पुरवठादाराच्या दारातून हलते. नंबर आहे, पण तीन-चार दिवस एकही स्कॅन नाही, तर उशीर कुरिअरचा नसून पुरवठादाराचाच आहे असं जवळजवळ नक्की समजावं. स्कॅन झालेलं पार्सल भिवंडीच्या किंवा पुण्याच्या केंद्रात अडकलं असेल, तर तो वेगळा उशीर आणि त्याचा निरोपही वेगळा. कोणता उशीर आहे हे न पाहता निरोप लिहायला बसलं, की पहिल्या वाक्यापासून खोटं सुरू होतं.

म्हणून तिने आधी पुरवठादाराला फोन लावला. उत्तर ठरलेलं होतं: "बस, दो दिन में निकल जाएगा, मॅडम." या दोन दिवसांना काही अर्थ नसतो. "कधी निघेल?" असं विचारलं की सोयीची तारीख मिळते. त्याऐवजी "आत्ता किती जोड्या पूर्ण तयार आहेत? उरलेल्या कोणत्या कामावर अडल्या आहेत? तयार मालाचा आजचा फोटो पाठवता का?" असं विचारलं, तर खरी परिस्थिती बाहेर येते. तिला कळलं, की ओतकाम आणि छिलाई झालेली आहे, पण पॉलिशवाल्याकडे दिवाळीची गर्दी आहे, तयार जोडी एकही नाही आणि पिकअप शुक्रवारी, १० तारखेला होईल.

आता तिला तारीख काढायची होती. मुरादाबादहून साताऱ्याकडे रस्त्याने येणाऱ्या पार्सलला एरवी साधारण आठवडा धरावा लागतो, म्हणजे १७ ऑक्टोबर. तो दिवस नेमका वसुबारसेचा. पण हा हिशेब पुरवठादार शब्दाला जागला आणि कुरिअरकडे दिवाळीची गर्दीच नसली तरच खरा. एकदा चुकलेल्या पुरवठादाराच्या तारखेत दोन दिवस आणि सणाच्या गर्दीचे चार दिवस मिळवले की २३ ऑक्टोबर येतो, म्हणजे भाऊबीज. लक्ष्मीपूजन २१ तारखेला आहे. तेव्हा गिऱ्हाइकाला सांगायची तारीख २३च आहे, आणि "दिवाळीपूर्वी मिळेलच असं नाही" हे वाक्य तिच्यासोबत जायलाच हवं. विक्रेत्याचा हात इथेच कचरतो. १७ लिहावंसं वाटतं, कारण १७ वाचून कोणी ऑर्डर रद्द करणार नाही. पण १७ लिहून २२ला समया पोचवल्या, तर त्या घरची दिवाळी दुसऱ्यांदा फसवलेली असते. या वेळी ते जाणूनबुजून केलेलं असतं.

निरोप पाठवण्याआधी तिने आणखी एक गोष्ट केली. दुकानाच्या पानावर ती समई "सध्या उपलब्ध नाही" अशी केली. उशिराची माफी मागताना त्याच वस्तूच्या नव्या ऑर्डरी जुन्याच वचनावर घेत राहणं हा या धंद्यातला फार वाईट आणि फार सर्रास घडणारा प्रकार आहे.

मग पैशाचा हिशेब. ३२ जणांचे ४६,४०० रुपये तिच्याकडे आले होते. पण ड्रॉपशिपिंगमध्ये ऑर्डर पुढे पाठवतानाच पुरवठादाराचे पैसे भरावे लागतात. जोडीमागे पाठवणुकीसह ९८० रुपये, म्हणजे ३१,३६० रुपये मुरादाबादला गेलेले. ३२ पैकी १२ जणांनी ऑर्डर रद्द केली तर तिला १७,४०० रुपये लगेच परत करावे लागतील, आणि त्यातले ११,७६० पुरवठादाराकडून कधी येतील याचा भरवसा नाही. शिवाय पैसे स्वीकारणारी पेमेंट कंपनी आपलं शुल्क सहसा परत देत नाही. ते दोन टक्के आणि त्यावर जीएसटी धरला, तर जोडीमागे सुमारे ३४ रुपये होतात. जाहिरातीवर ऑर्डरमागे दोनशे रुपये गेले असतील तर तेही बुडाले. म्हणजे रद्द होणाऱ्या प्रत्येक ऑर्डरमागे २३४ रुपये, बाराजणांचे मिळून २,८०८ रुपये तिच्या पदरचे जातात.

हा तोटा तिचा आहे, गिऱ्हाइकाचा नाही. "पुरवठादाराकडून पैसे आले की तुम्हाला देते" हे वाक्य लाखो छोट्या विक्रेत्यांना स्वाभाविक वाटतं, आणि त्यामागची ओढाताण खरी असते हेही मला मान्य आहे. पण गिऱ्हाइकाने मुरादाबादच्या माणसाशी व्यवहार केलेलाच नाही. म्हणून रद्द होऊ शकणाऱ्या ऑर्डरींची रक्कम हाताशी ठेवूनच निरोप पाठवायचा. पुरवठादाराकडूनही त्याच दिवशी लेखी घ्यायचं, की अमुक तारखेपर्यंत कळवलेल्या ऑर्डरी तो बांधणार नाही आणि त्यांचे पैसे परत देईल.

कायदाही याच बाजूला आहे. भारतात ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० साली आले. सांगितलेल्या वेळेपेक्षा वस्तू उशिरा पोचली तर ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. अपवाद आहे तो माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीचा. पॉलिशवाल्याकडे दिवाळीत गर्दी होणं ही काही आपत्ती नव्हे, ती दरवर्षी येते.

नेमका असा निरोप कसा असावा, याचा सर्वांत बारकाईने विचार अमेरिकेत झाला आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ साली टपालाने माल मागवणाऱ्यांसाठी एक नियम केला. पुढे त्यात फोनवरच्या ऑर्डरी आल्या आणि २०१४मध्ये इंटरनेटवरच्या खरेदीचंही नाव घालण्यात आलं. वेळेत माल निघणार नसेल तर विक्रेत्याने गिऱ्हाइकाला नवी तारीख कळवायची आणि थांबायचं की पैसे परत घ्यायचे हे त्याला विचारायचं, हा या नियमाचा गाभा. मला त्यातली सर्वांत शहाणी वाटते ती गप्प राहणाऱ्यांविषयीची तरतूद. पहिला उशीर ३० दिवसांपर्यंतचा असेल, तर उत्तर न देणारा थांबायला तयार आहे असं धरता येतं. उशीर त्याहून मोठा असेल किंवा विक्रेत्याला तारीखच सांगता येत नसेल, तर गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. अशा वेळी स्पष्ट होकार मिळाला नाही तर ऑर्डर रद्द करून पैसे परत करावे लागतात. दुसऱ्यांदा उशीर झाला तरी तसंच.

आपल्याकडच्या निरोपांत नेमकं हेच नसतं. "थांबायचं की रद्द करायचं ते कळवा" इथपर्यंत येऊन निरोप संपतो. जो कळवत नाही त्याचं काय, हे कोणी सांगत नाही. मग गिऱ्हाईक समजतं की ऑर्डर रद्द झाली, विक्रेता समजतो की ते थांबायला तयार आहे, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दारात पार्सल घेऊन आलेल्या मुलाशी वाद होतो. पर्यायांइतकंच हेही लिहायला हवं, की उत्तर आलं नाही तर मी काय करीन. माझ्या मते हे वस्तू कशासाठी आहे त्यावर ठरवावं. रोजच्या वापराची पिशवी आठ दिवस उशिरा आली तर गप्प राहणं म्हणजे थांबणं, असं धरायला हरकत नाही. पण समई, राखी, लग्नाचं लुगडं अशा वस्तूंचा एक दिवस असतो. तो टळण्याची शक्यता असेल तर उत्तर नाही म्हणजे पैसे परत, हाच रस्ता.

आणखी एक गोष्ट शब्दांची. मराठीत "उशीर झाला आहे" म्हणता येतं आणि त्यात कोणी काही केलेलं दिसत नाही. "अपरिहार्य कारणास्तव", "तांत्रिक अडचणींमुळे", "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" ही सगळी सरकारी फलकावरची भाषा आहे. कारण तपासता येईल इतकं नेमकं आणि एका वाक्यात हवं. माफी मागायची तर आपल्या हातून जे चुकलं त्याची मागावी. पॉलिशवाल्याची गर्दी ही या बाईची चूक नव्हती. तयार माल किती आहे हे न विचारता दहा दिवसांचं वचन देणं ही तिची चूक होती. माफी त्याची.

तिने लिहिलेला निरोप असा:

"नमस्कार. मी तुमच्या समईच्या ऑर्डरबद्दल लिहिते आहे. समया ८ ऑक्टोबरपर्यंत पोचवीन असं मी सांगितलं होतं. त्या वेळेत पोचणार नाहीत. मी माल माझ्याकडे ठेवत नाही. समया मुरादाबादच्या पुरवठादाराकडून थेट तुमच्याकडे येतात. त्यांचं पॉलिशचं काम अजून बाकी आहे. ट्रॅकिंगवर नंबर दिसत असला तरी पार्सल तिथून निघालेलं नाही. तयार माल किती आहे हे न विचारता मी तारीख दिली, ही चूक माझी आहे आणि त्याबद्दल मी तुमची माफी मागते.

नवी तारीख २३ ऑक्टोबर आहे. त्याआधी मिळू शकतील, पण लक्ष्मीपूजनाच्या आत मिळतीलच असं मी सांगू शकत नाही.

तुम्ही यातलं एक सांगा.
१. थांबते / थांबतो. समया निघाल्या की मी त्या दिवशी कळवीन. २३पर्यंत आल्या नाहीत तर तुम्ही न मागता पूर्ण पैसे परत करीन.
२. रद्द करा. पूर्ण १,४५० रुपये, ज्या खात्यातून आले तिथेच, कळवल्याच्या दिवशीच पाठवीन. बँकेत दिसायला पाच ते सात कामाचे दिवस लागू शकतात.

मंगळवारी, ७ ऑक्टोबरला रात्री नऊपर्यंत फक्त १ किंवा २ असं उत्तर पाठवलंत तरी चालेल. उत्तर आलं नाही तर बुधवारी मी फोन करीन. फोनही लागला नाही तर ऑर्डर रद्द करून पैसे परत पाठवीन. काही विचारायचं असेल तर याच नंबरवर मला फोन करा."

तिसरा पर्याय म्हणून दुसरी एखादी वस्तू द्यावी असं तिच्या मनात आलं होतं. पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे तांब्याची निरांजनं होती. पण ती खरोखर किती शिल्लक आहेत याचं उत्तर शनिवारी रात्रीपर्यंत आलं नाही, म्हणून तिने तो पर्याय लिहिला नाही. ते योग्यच झालं. डोळ्यांनी न पाहिलेल्या मालाच्या भरवशावर दुसरं वचन दिलं की पहिलीच चूक पुन्हा होते.

सवलतीचं कूपनही तिने घातलं नाही. "पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट" हे पैसे परत करण्याच्या जागी ठेवलं, तर आपले पैसे मागणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. अमेरिकेत फॅशन नोव्हा या कपडे विकणाऱ्या कंपनीवर असाच आरोप झाला होता. वेळेत माल न पाठवता गिऱ्हाइकांना रद्द करण्याची नीट संधी दिली नाही आणि न पाठवलेल्या मालाबद्दल काहींना पैशांऐवजी गिफ्ट कार्ड दिली, असं कमिशनचं म्हणणं होतं. २०२० साली ९३ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. थांबणाऱ्यांना पुढे काही द्यायचंच असेल, तर समया पोचल्यानंतर द्यावं.

घरी आल्यावर पैसे देणाऱ्या ११ जणांचा निरोप निराळा होता. त्यांचे पैसे अडकलेले नाहीत, पण उशिरा गेलेलं पार्सल ते दारातूनच परत पाठवू शकतात, आणि मग जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं विक्रेत्यावर पडतं. त्यांना तिने एवढंच विचारलं, की २३ तारीख चालेल का, आणि लिहिलं, की "हो" आल्याशिवाय पाठवणार नाही.

निरोप पाठवतानाची एक बारीक अडचण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट यादी केली, तर संदेश फक्त ज्यांनी तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये साठवला आहे त्यांनाच जातो. गिऱ्हाइकांनी तो सहसा साठवलेला नसतो. विक्रेत्याला वाटतं सगळ्यांना कळवलं आणि प्रत्यक्षात कोणालाच पोचलेलं नसतं. सगळ्यांचा एक गट करावा, तर सगळ्यांचे नंबर एकमेकांना दिसतात, जे त्यांनी त्यासाठी दिलेले नव्हते. ४३ जणांना एकेक करून पाठवायला तासभर लागतो. ज्यांच्या संदेशापुढे दुसरी खूण उमटली नाही त्यांना तिने साधा एसएमएसही केला.

मंगळवारी रात्री तिने वहीत तीन रकाने आखले. पैसे भरलेल्यांपैकी १७ जण थांबणार होते, नऊ जणांनी रद्द केलं होतं, सहा जणांचं उत्तर नव्हतं. बुधवारच्या फोनमध्ये चार जण भेटले. एकीने सांगितलं, "अहो, मला तर तुळशीच्या लग्नाला हव्यात, सावकाश पाठवा." दुसऱ्याला समया बहिणीला पाडव्याच्या आधी द्यायच्या होत्या, त्याने रद्द केलं आणि थोडं रागावून बोलला. तिने ऐकून घेतलं. उरलेल्या दोघांपैकी एक थांबला, एकीने रद्द केलं. दोन फोन लागलेच नाहीत. एकूण १९ थांबले आणि १३ रद्द झाले. पुरवठादाराला तिने त्याच दुपारी या १३ ऑर्डरींचे नंबर लेखी कळवले आणि या न बांधण्याबद्दल त्याच्याकडून "ठीक है" लिहून घेतलं. हे राहिलं तर पैसे परत मिळालेल्या माणसाच्या दारात पंधरवड्याने समया येऊन उभ्या राहतात आणि नवा घोळ सुरू होतो.

शुक्रवारी पिकअप झालं की नाही, हे तिने पुरवठादाराला विचारलं नाही. रात्री आठला ट्रॅकिंग उघडलं. १९ पैकी १५ पार्सलांवर पहिला स्कॅन होता. चारांवर अजून `Manifested` होतं. त्या चौघांना तिने त्याच रात्री लिहिलं, की तुमची जोडी आज निघालेली नाही, उद्या संध्याकाळी सातपर्यंत स्कॅन दिसला नाही तर पुन्हा विचारीन आणि तेव्हा तुमचा होकार आल्याशिवाय पुढे पाठवणार नाही.

आणि ज्या दोघांशी बोलणं झालंच नव्हतं, त्यांना बुधवारीच गेलेला संदेश असा होता: "समईची ऑर्डर मी रद्द केली आहे. तुमचे १,४५० रुपये आज दुपारी परत पाठवले. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक खाली दिला आहे. १७ ऑक्टोबरपर्यंत खात्यात दिसले नाहीत तर बँकेला हा क्रमांक सांगा आणि मलाही फोन करा. समया तरीही हव्या असतील तर शुक्रवारी सकाळपर्यंत कळवा, तुमच्या नावाची जोडी बांधून घेते. पैसे समया मिळाल्यावर द्या."